पाचव्या डब्याची बाकी

११ जानेवारी

डावऱ्या,

सोबतचा छापील कागद वाचू नकोस. मीच पाकिटात घातलाय, पण वाचू नकोस. तो माझ्या मुलाने कॉम्प्युटरवर लिहिलाय आणि त्यात इतकी साखर आहे की मुंग्या लागतील. "आदरणीय ग्राहक, आपण आमच्या कुटुंबाचाच एक भाग आहात, आपल्या खात्यावर थोडी जुनी बाकी दिसते, सवडीने भरावी, ही स्नेहपूर्वक आठवण." कुटुंबाचा भाग म्हणे. कुटुंबातला असतास तर सहा वर्षं थांबले असते का मी? पहिल्याच आठवड्यात दारात येऊन बसले असते.

तेव्हा स्नेहपूर्वक आठवण माझ्याकडून, माझ्या भाषेत. मी, रंगाच्या दुकानातली म्हातारी. अजून गल्ल्यावर बसते, अजून दिसतं, चष्मा एकाच कानावर अडकतो तरी दिसतं. खातेवहीत तुझ्या नावे दहा हजार चारशे चाळीस आहेत. दरवर्षी नवी वही घातली की तुझं पान मी स्वतः मांडते. वर "मागील बाकी" लिहिते, खाली दहा हजार चारशे चाळीस लिहिते, आणि बाकीचं पान कोरं राहतं. सहा पानं कोरी घालवलीस माझी. कागद काय झाडाला लागतो?

व्याज लावलेलं नाही. त्याचे आभार मानू नकोस, मला व्याजाचा हिशेब येत नाही म्हणून लावलं नाही.

आता कामाचं. छापील कागदाच्या खाली तुटक रेघ आहे आणि त्याखाली एक चिठ्ठी, "वरील बाकी मला मान्य आहे", सहीसाठी जागा. तिथे सही करायची नाही. अंगठा नाही, फुली नाही, काही नाही. ती चिठ्ठी फाडून चुलीत घाल. का ते नंतर सांगेन, आधी तू उत्तर दे. नात म्हणते, आजी फोन कर ना. फोनवर तू मधेच ठेवून देतोस. पत्र ठेवून दिलंस तरी ते घरात पडून राहतं.

आणि माझी शिडी तुझ्याकडे आहे. लाकडी, बारा पायऱ्यांची. ती वहीत नाही, पण माझ्या डोक्यात आहे.

— मावशी


२१ जानेवारी

डावऱ्या,

शेडकार्डाच्या पाठीवर उत्तर लिहायची तुझी सवय गेली नाही तर. तेही मशीनवाल्याच्या दुकानाचं शेडकार्ड! मुद्दाम निवडलंस. म्हणजे मला ऐकवायचं, "बघ मावशी, मी आता चौकात जातो, तिथे यंत्र रंग कालवतं." बघितलं. कार्ड छान आहे, त्यातले निम्मे रंग भिंतीवर चढल्यावर कार्डासारखे दिसत नाहीत, ते तुला माहीतच असेल.

तू लिहिलंस, "एक पैसा देणं नाही. हॉलची भिंत आठवा."

आठवते. तूही आठव, आणि सगळी आठव, सोयीची नको. लग्नाच्या हॉलचं काम तू घेतलंस. फिका पिवळा, वीस लिटरचे पाच डबे उधारीवर नेलेस. चार डबे तीन भिंतींना गेले, पाचवा खिडकीसमोरच्या भिंतीला. वाळल्यावर ती भिंत वेगळीच दिसायला लागली. दिवसा कुणाला कळेना, संध्याकाळी दिवे लावले की ती भिंत कावीळ झाल्यासारखी. मालक ओरडला. तू आणखी दोन डबे नेलेस, सगळा हॉल पुन्हा मारलास, आणि मला पैसे द्यायला आलास तेव्हा परस्पर कापून आणलेस. दोन डब्यांचे सहा हजार तीनशे. तीन माणसांची दोन दिवसांची मजुरी तीन हजार सहाशे. रोलर आणि पॉलिश पेपर पाचशे चाळीस. हे मी मान्य केलं नव्हतं. तू मला विचारलंही नव्हतंस. नोटा टेबलावर टाकल्यास आणि म्हणालास, "हिशेब झाला."

हिशेब दोघांनी म्हटल्यावर होतो. एकाने म्हटला तर ती कापाकापी. म्हणून बाकी राहिली.

तुझं म्हणणं, आमच्या दुकानातून पाचवा डबा दुसऱ्या लॉटचा गेला. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: एका कामाचे सगळे डबे आधी मोठ्या ड्रममध्ये ओतायचे, ढवळायचे, आणि मग ब्रश बुडवायचा. कंपनीतून येताना एकाच नंबरचा रंग दोन लॉटमध्ये केसभर फरकाने येतो. हे तुला मी शिकवायचं? तू पंचवीस वर्षं रंग मारतोयस. आळस केलास. ड्रम धुवायचा कंटाळा.

हो, त्या दिवशी तुझ्या माणसांसमोर मी बोलले की ज्याला रंग कालवता येत नाही त्याने भिंतीला हात लावू नये. बोलले. परत घेणार नाही. तू पाय आपटत गेलास आणि जाताना शिडी घेऊन गेलास. शिडी कशासाठी? पाय आपटायला शिडी लागते का?

चिठ्ठीवर सही केली नाहीस ना? ते लिहिलं नाहीस. लिही.

— मावशी


२ फेब्रुवारी

डावऱ्या,

सही केली नाहीस ते बरं केलंस. आता नीट बसून वाच, आणि मधेच रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागव.

मुलगा दुकान विकतोय. विकू दे. माझे गुडघे गेलेत, त्याला रंगाचा वास सोसत नाही, आणि मला त्या चार कपाटांचं काही वाटत नाही. तुला वाटेल म्हातारी रडेल. म्हातारी त्या दिवशी दुपारी झोप काढणार आहे.

पण दुकान विकताना उधारीची वहीपण विकतात, हे तुला माहीत नसेल. लोकांकडून जे येणं आहे त्याची यादी करायची, आणि घेणारा ती यादी कमी भावात विकत घेतो. मग वसूल त्याने करायचं, त्याच्या हिमतीवर. जुनी, न मानलेली बाकी असेल तर शंभरामागे चाळीस देतो. गिऱ्हाईकाने "मान्य" म्हणून सही केलेली असेल तर शंभरामागे नव्वद. कारण इतकी जुनी बाकी कोर्टात मागता येत नाही, मुदत संपलेली असते. पण सही केली की ती पुन्हा ताजी होते, जणू काल माल नेला. वकिलाने मुलाला हे सांगितलं, मुलाने मला सांगितलं नाही. मी दाराआडून ऐकलं. ऐकू कमी येतं असं घरात सगळ्यांना वाटतं, ते मी वाटू देते.

म्हणून ती साखरेची पत्रं सगळ्या गिऱ्हाइकांना गेली. स्नेहपूर्वक.

आता घेणारा कोण? मशीनवाला. तोच, ज्याच्या शेडकार्डावर तू मला उत्तरं लिहितोस.

परवा तो आमच्याकडे चहाला आला होता. यादीवर बोट फिरवत होता. तुझ्या नावाशी थांबला आणि हसला. म्हणाला, "हा तर माझ्याकडेच उधारी नेतो. शाळेचं मोठं काम घेतलंय त्याने. प्रायमरपर्यंत माल देतो, मग सांगतो, आधी जुनी बाकी भर, मगच पुढचे डबे. भिंती पांढऱ्या करून उभा राहील, शाळेची तारीख जवळ आली की आपोआप भरेल. सही नसली तरी चालेल." मुलगा म्हणाला, "वा." मी म्हणाले, "साखर किती घालू?"

कळलं का? तो तुला कोर्टात नेणार नाही. अर्ध्या कामात माल अडवणार आहे. तुझी माणसं रोजंदारीवर, शाळा उशिराचा दंड कापणार, आणि तू दहा हजारांसाठी पन्नास हजारांच्या खड्ड्यात.

यादीवर सही माझी लागते. दुकानाचा परवाना अजून माझ्या नावावर आहे. सव्वीस तारखेला सह्या आहेत. त्याआधी तुझ्या पानाचं काय ते तू आणि मी ठरवायचं. वाद असलेली बाकी मी बिनवादाची म्हणून कुणाला विकणार नाही. तुझ्यासाठी नाही. खोटी यादी माझ्या सहीने जाणार नाही म्हणून. मला अजून याच रस्त्याने मान वर करून भाजी आणायची आहे.

तू ये. नाहीतर काय म्हणायचंय ते आकड्यांसकट लिही.

— मावशी


९ फेब्रुवारी

अरे गाढवा,

"घाबरवून वसूल करायची नवी पद्धत चांगली आहे, मावशी." असं लिहितोस? मला?

मी वसूल करायचं ठरवलं असतं तर तुझ्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले असते, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं असतं, आणि तू तिसऱ्या दिवशी तोंड लपवून पैसे दिले असतेस. मला भीती घालायला मशीनवाला लागत नाही. मी पुरेशी आहे.

तुझा विश्वास नसेल तर एक कर. मशीनवाल्याकडे जा आणि शाळेच्या शेवटच्या कोटचे डबे आजच माग, सगळे एकदम, एका लॉटचे हवेत म्हणून. खरं तर ते तू मागायलाच हवंस, शहाणा असशील तर. बघ देतो का. "आधी प्रायमर होऊ दे" म्हणाला तर समज.

शिडीबद्दल अवाक्षर नाही लिहिलंस.

— मावशी


१६ फेब्रुवारी

डावऱ्या,

तर म्हणाला तो. "आधी प्रायमर होऊ दे." तू फक्त तेवढंच वाक्य लिहून पाठवलंस, खाली सहीपण नाही. तेवढ्यावरून कळलं मला, तू घाबरलायस. बरं झालं. घाबरला की माणूस आकडे नीट वाचतो.

मी माळ्यावरची जुनी बिलं खाली काढवली. मुलगा म्हणाला, "आई, सहा वर्षांपूर्वीची रद्दी कशाला?" मी म्हणाले, "रद्दी तू विकतोयस, मी वाचतेय."

तुला आठवत असेल, माझ्या दुकानाचा नियम होता. बिलावर प्रत्येक डब्यापुढे त्याचा लॉट नंबर लिहायचा. झाकणावर छापलेला असतो. कंपनीचा माणूस हसायचा, एवढं कोण लिहितं म्हणून. मी लिहायचे. मी बसले असेन तेव्हा.

तुझ्या पाच डब्यांचं बिल सापडलं. कार्बन कॉपी, निळी, अजून वाचता येते. बिल मुलाच्या हातचं आहे. पहिल्या डब्यापुढे लॉट नंबर लिहिलाय. बाकी चारांपुढे काय लिहिलंय माहीत आहे? वरचीच खूण. ते दोन छोटे टोले, एकाखाली एक, चार वेळा. वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.

मी त्याला बोलावलं. कागद नाकासमोर धरला.

"तू पाचही डब्यांची झाकणं बघितली होतीस?"

"आई, गर्दी होती."

"बघितली होतीस का?"

"पाचही सारखेच दिसत होते."

"डबे सारखेच दिसतात रे. म्हणून तर नंबर छापतात."

तो म्हणाला, "कशावरून वेगळा होता?" तेही बरोबर. नुसत्या टोल्यांवरून काही सिद्ध होत नाही. मग मी आवकीचं पुस्तक काढलं. कंपनीचा ट्रक आला की किती डबे, कुठल्या रंगाचे, कुठल्या लॉटचे, हे मालासोबत आलेल्या चलनावरून त्यात उतरवायचं. तेही माझं काम होतं. त्या लॉटचे फिक्या पिवळ्याचे डबे आमच्याकडे आले होते चार. चारच. आधी नाही, नंतर नाही. चार आलेल्या मालातून पाच डबे विकता येत नाहीत, हे चौथी नापास बाईलाही कळतं. पाचवा आधीच्या ट्रकातला होता, मागच्या फळीवर एकटा उरलेला. मुलाने तो उचलला आणि टोला मारला.

मुलाने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "आता काय उपयोग, कंपनी भरपाई देणार नाही." नाही देणार. तेव्हाच्या तेव्हा कळवलं असतं तर कंपनीने तेवढ्या रकमेची जमाचिठ्ठी दिली असती. ती गेली ती गेली. ते नुकसान दुकानाचं.

आता ऐक माझा निवाडा. आवडला नाही तर भांड, पण पूर्ण ऐकून भांड.

दोन डबे, सहा हजार तीनशे: तुझ्या जमेला. चुकीचा माल आमचा. रोलर, पॉलिश पेपर, पाचशे चाळीस: जमेला. मजुरी तीन हजार सहाशे. इथे मी अर्धीच सोडते. अठराशे जमेला, अठराशे तुझ्या अंगावर. कारण डबे ड्रममध्ये एकत्र ओतले असतेस तर दोनच काय, पंधरा लॉट असते तरी भिंत एकसारखी दिसली असती. चूक डब्यात होती, पण भिंतीवर ती तू चढवलीस.

म्हणजे आठ हजार सहाशे चाळीस जमा, बाकी अठराशे.

तुला त्या दिवशी बोलले ते अर्धं परत घेते. हिशेब अर्धा निघाला म्हणून. उरलेलं अर्धं तुझ्याकडेच राहू दे.

सव्वीस तारखेच्या आत अठराशे आण, पावती घे, खातं बंद. मग यादीत तुझं नावच नसेल, आणि मशीनवाल्याला अडवायला कारण नसेल.

— मावशी


२२ फेब्रुवारी

डावऱ्या,

अठराशेसुद्धा देणार नाही म्हणतोस. "मोठा ड्रम तुमच्याच दुकानातून भाड्याने मिळायचा, त्या दिवशी नव्हता."

बाजारात दुसरा ड्रम नव्हता? लोकांच्या अंगणात पाण्याची टाकी नव्हती? दोन दोन डबे आपसात फिरवून ओतता येत नव्हते? आधी दोन डब्यांचे चाळीस लिटर एकत्र, मग त्यातलं अर्धं पुढच्या डब्यात. हे तू तुझ्या माणसांना शिकवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, दुकानाच्या पायरीवर.

मी एक पै कमी करणार नाही. पूर्ण बाकी सोडून दिली तर तू गावभर सांगशील, मावशीने माफ केलं. माफ करायला तू काय माझ्या पाया पडलायस? आणि पूर्ण बाकी ठेवली तर मी खोटी. अठराशे म्हणजे अठराशे.

मुलाने मला काल विचारलं, "आई, एका रंगाऱ्यासाठी सौदा बिघडवशील?" मी म्हणाले, सौदा बिघडत असेल तर तो आधीच नासका असेल. तो आता माझ्याशी बोलत नाही. घरात शांत आहे. जेवण मात्र दोन वेळा माझ्याच हातचं जेवतो.

सव्वीस. सकाळी दहाला सह्या.

— मावशी


२७ फेब्रुवारी

डावऱ्या,

काल तू दुकानासमोरच्या फुटपाथवर पाठ करून उभा होतास. मी पाहिलं. पाठ करून उभं राहिलं म्हणजे दिसत नाही असं समजणारे दोघंच, एक शहामृग आणि एक तू.

आत काय झालं ते तुझ्या बायकोने अर्धं सांगितलं असेल. उरलेलं मी सांगते, कारण तिला घाई होती आणि मशीनवाल्याचं तोंड तिला नीट दिसलं नसेल.

यादी टेबलावर. चार पानं, टाईप केलेली. तुझ्या नावापुढे तेच जुने दहा हजार चारशे चाळीस, आणि "बिनवाद" असा शिक्का. मुलाने बदललं नव्हतं, मी सांगूनही. मी पेन काढलं आणि त्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली. एकच, खालचं वाचता येईल अशी. खोडरबर नाही, गिचमिड नाही. वहीतली चूक झाकायची नसते, तिच्यावर रेघ मारायची, वर खरं लिहायचं, बाजूला सही करायची. वर मी लिहिलं "अठराशे", बाजूला सही केली.

मशीनवाला म्हणाला, "आजी, यादीत खाडाखोड चालत नाही."

"मग यादी चालत नाही."

"अहो, मी पैसे या आकड्यांवर देतोय."

"आकडा खोटा आहे. खोट्यावर पैसे देऊ नका, मी तुमच्या फायद्याचंच सांगतेय."

तो मुलाकडे बघायला लागला. मुलगा छताकडे. मी आवकीचं पुस्तक आणि निळं बिल त्याच्यासमोर सरकवलं. त्याने पाहिलं, मला वाटतं त्याला पहिल्या ओळीतच कळलं, धंद्यातला माणूस आहे. पण म्हणाला, "हे जुनं झालं. बाकी माझ्याकडे आली की मी आणि तो रंगारी बघून घेऊ."

"तेच नकोय," मी म्हणाले. "तुम्ही बघून घेणार शाळेच्या भिंतीवर."

तेवढ्यात दारात तुझी बायको. साडीच्या पदराने घाम पुसत, हातात पॉलिश पेपरच्या कागदात गुंडाळलेल्या नोटा. म्हणाली, "मावशी, त्यांनी सांगितलंय, मोजून घ्या, पावती द्या, आणि अर्ध्या मजुरीचं मान्य नाही ते नाहीच."

"मग पैसे कसले?"

"म्हणाले, वाद म्हातारीशी आहे, तिसऱ्याला त्यात घुसू देणार नाही."

असं बोललास? ते वाक्य मी विसरणार नाही, आणि तू बोलल्याचं कबूलही करू नकोस.

मी मोजले. सगळ्यांसमोर, मोठ्याने, मशीनवाल्याला ऐकू जाईल असे. अठराशे. पावतीपुस्तक काढलं. मग खातेवहीतल्या तुझ्या कोऱ्या पानावर खातं मांडलं: वर मागील बाकी, खाली डब्यांची जमा, रोलर-पेपरची जमा, मजुरीची अर्धी जमा, रोख अठराशे जमा, खाली दोन रेघा, बाकी काही नाही. तुझ्या पानावर सहा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी लिहिलं गेलं. मग यादीतला तो माझा "अठराशे"पण रेघ मारून खोडला, पुन्हा सही केली. तुझ्या बायकोला पावती दिली.

मशीनवाला उठला. म्हणाला, "अशाने तुमची सगळी वही संशयात येते, आजी."

"येऊ दे की. एकेक पान काढा, मी इथेच बसले आहे. दुपारपर्यंत मला काही काम नाही."

यादी नव्याने टाईप करायला गेली. उधारीचा भाव त्याने पाडलाय. मुलगा म्हणतो, माझ्यामुळे. माझ्यामुळेच. पुढच्या महिन्यात किल्ल्या जातील, आणि मी झोप काढणार आहे ते कायम.

पावती जपून ठेव. मशीनवाल्याने माल अडवला तर त्याच्या यंत्रावर आपट. तो अडवणार नाही. काल तो जाताना मी त्याला सांगितलंय की शाळेच्या भिंती कशा झाल्यात ते बघायला मी रोज येणार आहे. गुडघे नाहीत म्हणून काय, रिक्षा आहेत.

डबे एकत्र ओतून घे. या वेळी ओत.

तुझ्या बायकोला मी चहा दिला. ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे. तिला विचारलं, शिडी कुठे आहे. ती हसली आणि कप ठेवून निघाली.

— मावशी


९ मार्च

डावऱ्या,

सकाळी दार उघडलं तर शिडी. दाराला टेकवून, जणू रात्रीतून चालत आली. स्वतः आणून ठेवलीस आणि बेल वाजवली नाहीस. बेल दाबायला कुठला हात लागतो, डावा की उजवा?

शिडी पाहिली मी. चढून पाहिली. मुलगा खालून ओरडत होता, आई पडशील. पडले नाही. सातवी पायरी नवी आहे. लाकूड वेगळं, पांढुरकं, पण घट्ट बसवलंय, खिळा बाहेर आलेला नाही. काम चांगलं आहे, ते मी लिहिते कारण खोटं लिहायची सवय नाही.

आणि पायरीला चिकटवलेला तो कागद. शेडकार्डाची पाठ. तुझ्या त्या डाव्या अक्षरात, एकेक ओळ उताराला लागल्यासारखी:

"आदरणीय मावशी, आपण आमच्या कुटुंबाचाच एक भाग आहात. आपल्या खात्यावर शिडीची पायरी बदलल्याचे नव्वद बाकी दिसतात. सवडीने भरावेत. ही स्नेहपूर्वक आठवण."

खाली तुटक रेघ मारलीस. खाली "वरील बाकी मला मान्य आहे", आणि सहीसाठी जागा.

नव्वद! एका पायरीचे! शिडी सहा वर्षं वापरलीस, त्याचं भाडं कोण देणार? पायरी कुणाच्या वजनाने मोडली, माझ्या? मी सहा वर्षांत तिला हातही लावला नव्हता. आणि पायरी बदलायची तर आधी मालकाला विचारायचं असतं. परस्पर करून नंतर बिल लावायचं, ही तुझी जुनी खोड. ही कापाकापी.

मी सही करणार नाही. पैसे पाठवणार नाही. यादीत घालून विकायचे असतील तर मशीनवाल्याला विक, शंभरामागे चाळीस देईल, छत्तीस येतील हातात.

हवे असतील तर घरी ये आणि तोंडावर माग. शाळेचं काम झाल्यावर, रविवारी, दुपारच्या झोपेनंतर. शिडीच्या भाड्याचा हिशेब मी मांडून ठेवते. नवी वही आणलीय, दुकानाची नाही, घरची. पहिलं पान तुझं आहे. अजून कोरं आहे.

— मावशी